फ्रिज नेमका केवढ्याला पडला? कूपन, कॅशबॅक आणि कार्डाच्या पॉइंटांचा हिशोब

आमचा जुना फ्रिज जानेवारीच्या सुरुवातीला थंड करायचा थांबला. २ तारखेला मेकॅनिक येऊन गेला. कॉम्प्रेसर गेलाय, नवा कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून सात हजारांच्या घरात जाईल, असं त्यानं सांगितलं. चौदा वर्षं वापरलेल्या फ्रिजवर एवढा खर्च करायचं मन होईना. सोलापुरात मार्च उजाडला की ऊन चटके द्यायला लागतं, त्यामुळं उन्हाळ्यापर्यंत थांबण्यातही अर्थ नव्हता. नवा घ्यायचं ठरलं: डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, अडीचशे लिटरच्या आसपासचा.

ऑनलाइन घ्यायचा तर कूपन, बँकेची सवलत, कॅशबॅक, पॉइंट हे सगळं एकावर एक लावता येतं एवढं मला ऐकून माहीत होतं. पण सगळं लावून वस्तू शेवटी केवढ्याला पडते, हे कुणीच नीट सांगत नाही. जो तो "मला सहा हजार सुटले" म्हणतो. सुटले म्हणजे कशातून सुटले? म्हणून मी पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये लिहीत गेले. शेवटची रक्कम खात्यात यायला एप्रिल उजाडला, म्हणून हे आता लिहिते आहे.

आधी दुकानातला भाव

५ जानेवारीला आम्ही नवी पेठेत गेलो. ऑनलाइनच्या आकड्याला अर्थ यायचा तर शेजारी ठेवायला दुकानातला भाव हवाच. एका दुकानात आम्हाला हवं तेच मॉडेल होतं. भाव २५,८०० रुपये, यूपीआयने दिले तर. त्यात घरपोच आणि खालचं स्टँड धरलेलं. कार्डावर घेतलं तर दोन टक्के वर. जुना फ्रिज १,५०० ला घेतो म्हणाले.

तिथं मी मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेतला. एकाच कंपनीचे, दिसायला अगदी सारखे दोन फ्रिज असतात आणि फरक क्रमांकाच्या शेवटच्या एखाद-दुसऱ्या अक्षरात असतो. स्टार रेटिंग वेगळं निघतं, नाहीतर आतले कप्पे काचेऐवजी जाळीचे निघतात. क्रमांक पूर्ण जुळला नाही तर दोन भावांची तुलना करून उपयोग नाही.

घरी येऊन ऑनलाइन बघितलं. तेच मॉडेल २६,४९० ला होतं. वर ३८ हजारांच्या पुढची एमआरपी खोडलेली. त्या खोडलेल्या आकड्याला मी शीटमध्ये जागाच दिली नाही, कारण त्या भावाला तो फ्रिज कुणी विकत नाही. पण २६,४९० हा आकडा तारखेसह लिहिला आणि स्क्रीनशॉट घेतला. तो पुढं कामाला आला.

जुन्या फ्रिजचं काय करायचं तेही तेव्हाच ठरवून टाकलं. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये २,२०० दाखवत होते. मेकॅनिक म्हणाला, सुट्या भागांसाठी मी २,००० देतो. म्हणजे एक्स्चेंजचा खरा फायदा २,२०० नाही, फक्त २०० रुपये. शिवाय घ्यायला आलेला माणूस फ्रिज बघून नको म्हणाला, तर फरक दारातच भरावा लागतो. आम्ही मेकॅनिकला देऊन टाकला. दुकानातून घेतला असता तरी त्यालाच दिला असता, म्हणून तुलनेत जुन्या फ्रिजचे पैसे कुठंच धरले नाहीत.

प्रत्येक सवलत कशावर मोजतात

प्रजासत्ताक दिनाच्या आधी सेल लागतो हे माहीत होतं. तोपर्यंत अटी वाचायला वेळ होता. माझा भाचा पुण्यात असतो आणि या गोष्टींत मुरलेला आहे. फोनवर त्यानं पहिल्यांदा हेच सांगितलं, "मावशी, टक्के बघू नकोस. कशाचे टक्के ते बघ."

सगळ्यात महत्त्वाचं हेच निघालं. कूपन साइटवर दाखवलेल्या विक्री-किमतीवर बसतं. बँकेची तात्काळ सवलत कूपन वजा झाल्यावर जी रक्कम कार्डाने भरायची, तिच्यावर बसते. कार्डाचे पॉइंट ती सवलतही वजा होऊन जेवढे पैसे प्रत्यक्ष कार्डावरून जातात, तेवढ्यावरच मिळतात. आणि कॅशबॅक देणाऱ्या साइट, म्हणजे ज्यांच्या लिंकवरून गेलं की त्या आपल्याला थोडे पैसे परत देतात, त्या बहुतेक वेळा जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर मोजतात. फ्रिजवर जीएसटी १८ टक्के आहे. त्यामुळं "२ टक्के कॅशबॅक" लिहिलेलं असलं तरी किमतीच्या मानानं हातात पावणेदोनही येत नाहीत.

म्हणून १० अधिक २ अधिक ५ म्हणजे १७ टक्के सूट, अशी बेरीज करता येत नाही. प्रत्येक पायरीला खालची रक्कम आधीच घटलेली असते, आणि बहुतेक सवलतींना वर झाकण असतं. बँकेची १० टक्के सवलत "जास्तीत जास्त १,५००" असेल, तर २६ हजारांच्या वस्तूवर ती खरं तर पावणेसहा टक्क्यांच्या आसपासच भरते.

१५,००० च्या अटीतून निघालेली वाट

सेलमधली बँकेची ऑफर अशी होती: १० टक्के सवलत, जास्तीत जास्त १,५०० रुपये, कार्डाने केलेला व्यवहार किमान १५,००० चा हवा. त्या बँकेचं कार्ड माझ्याकडं होतं. १५,००० चे १० टक्के बरोबर १,५०० होतात. म्हणजे कार्डावर १५,००० गेले की सवलत तिथंच भरली. त्यावरचे दहा-अकरा हजार त्याच कार्डाने भरले काय आणि दुसरीकडून भरले काय, सवलतीत एक रुपयाही वाढत नाही.

मग वरचे पैसे दुसऱ्या वाटेनं पाठवावेत. माझ्या दुसऱ्या कार्डाच्या बँकेच्या रिवॉर्ड पोर्टलवर त्याच शॉपिंग साइटची गिफ्ट व्हाउचर मिळत होती. तिथून घेतली तर दर १०० रुपयांना १० पॉइंट, एरवी २. व्हाउचरवर वेगळं शुल्क नव्हतं. काही पोर्टलवर असतं आणि ते असलं तर बराचसा फायदा तिथंच संपतो, म्हणून ते आधी बघा. जादा पॉइंटांना महिन्याची मर्यादाही असते. माझी रक्कम तिच्या आत बसत होती.

इथं ऑफरच्या अटीतला एक शब्द फार बारकाईनं वाचावा लागतो. किमान रक्कम "ऑर्डर"ची आहे की "कार्ड व्यवहारा"ची? ऑर्डरची असेल तर व्हाउचर लावूनही अट पुरी होते. कार्ड व्यवहाराची असेल तर व्हाउचर वजा जाऊन कार्डावर उरलेली रक्कम १५,००० किंवा जास्त हवी. माझ्या ऑफरमध्ये कार्ड व्यवहाराची होती.

कूपननंतर फ्रिज २५,९९० ला येईल असं सेलच्या आधी दाखवलेल्या भावावरून दिसत होतं. हात लगेच ११,००० च्या व्हाउचरकडं जातो. पण २५,९९० मधून ११,००० गेले की उरतात १४,९९०. दहा रुपये कमी पडले म्हणून १,५०० ची सवलत जाणार. म्हणून मी १०,००० चं एक आणि ५०० चं एक, अशी १०,५०० ची व्हाउचर धरली. कार्डासाठी उरले १५,४९०. शीटमध्ये सूत्र असं टाकलं:

```
=IF(25990-10500>=15000, MIN(1500, 10%*(25990-10500)), 0)
```

उत्तर १,५००. व्हाउचरच्या जागी ११,००० घातले की उत्तर शून्य येतं. किंमत थोडी खाली-वर होईल असं धरून काही शे रुपयांची मोकळीक ठेवलेली बरी.

व्हाउचर मी १२ जानेवारीला घेतली. सेलच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते, कोड यायला कधी तास-दोन तास लागतात, आणि तेवढ्यात वस्तू संपते. कोड आल्यावर साइटवरच्या माझ्या खात्यात भरून टाकले. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: हे पैसे आता त्या साइटवर अडकले. परत बँकेत येत नाहीत. तिथून काही ना काही घेणारच, याची खात्री असेल तरच ही वाट धरावी.

हप्त्यांचा मोह

त्याच बँकेची दुसरी ऑफर होती: सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर सवलत १,५०० ऐवजी २,०००. पाचशे रुपये जास्त, व्याजही नाही, मग का नाही? माझ्या यजमानांचं म्हणणं हेच होतं, म्हणून तेही मांडून बघितलं.

नो-कॉस्ट म्हणजे व्याज नसतं असं नाही. बँक व्याज लावतेच, साइट तेवढी रक्कम किमतीत आधी वजा करून देते. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल सांगितलं होतं की असं शून्य व्याज प्रत्यक्षात नसतं. आपल्याला बोचतं ते वेगळंच: व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कुणी परत देत नाही, तो दर हप्त्यात लागतो. २३,९९० रुपये सहा हप्त्यांत, १६ टक्के दरानं, म्हणजे आतलं व्याज साधारण १,०८०. त्यावर जीएसटी १९५. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. एकूण ४३०.

पाचशेतले ४३० गेले, उरले ७०. पण ईएमआयच्या व्यवहारावर माझं कार्ड पॉइंट देत नाही, तिथं जवळपास तेवढेच बुडतात. आणि ईएमआयला व्हाउचर जोडता येत नव्हतं, म्हणजे ते पॉइंटही गेले. पैसे सहा महिने आपल्याकडं राहतात हा फायदा खरा आहे. पण बचत खात्यात अडीच टक्क्यांनी पडून राहिले तर व्याज पावणेदोनशेच्या पुढं जात नाही. एकरकमी भरणंच आमच्यासाठी स्वस्त होतं. ज्यांना एकदम एवढी रक्कम काढणं जड जातं त्यांच्यासाठी ४३० रुपयांत सहा महिन्यांची सवड वाईट नाही. फक्त ती फुकट आहे असं समजून घेऊ नये.

ऑर्डरचा दिवस

गड्ड्याची यात्रा चालू होती आणि १६ जानेवारीला सेल लागला. त्या संध्याकाळी यात्रेहून येताना मी पुन्हा नवी पेठेतल्या दुकानात गेले आणि ऑनलाइन केवढ्याला मिळतंय ते सरळ सांगितलं. मालक म्हणाले, "ताई, पंचवीस तीनशेला न्या की. स्टँड धरून, उद्या सकाळी घरात." तो आकडाही लिहिला: २५,३००.

सेलमध्ये किंमत होती २६,९९० आणि खाली टिक करायचं १,००० चं कूपन. पण ५ तारखेला तोच फ्रिज २६,४९० ला होता. म्हणजे ५०० वाढवून १,००० सोडले. कूपनची खरी किंमत ५०० च. सेलच्या दहा-बारा दिवस आधीचा भाव लिहून ठेवला नसता तर हे कळायला मार्ग नव्हता.

१७ ला सकाळी ऑर्डर दिली. कॅशबॅक साइटच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो, कारण खरेदी शेवटी कुणाच्या लिंकवरून झाली यावर पैसे कुणाला मिळणार ते ठरतं. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलं तर चालणार नाही अशी अट होती, म्हणून लॅपटॉप घेतला. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद केलं, ते चालू असलं तर नोंदच होत नाही. कार्टमध्ये आधी ठेवलेला फ्रिज काढून टाकला. मग कॅशबॅक साइटवरून "मोठी घरगुती उपकरणे, २ टक्के" या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तिथल्या लिंकवरून गेले, फ्रिज नव्यानं कार्टमध्ये टाकला आणि मध्ये दुसरी कुठलीही टॅब न उघडता पैसे भरण्याच्या पानापर्यंत आले. कूपन साइटच्या स्वतःच्या पानावरचं होतं, त्याला हरकत नव्हती. इकडून तिकडून शोधलेला कोड टाकला असता तर कॅशबॅक गेला असता. व्हाउचरने भरलेली रक्कम कॅशबॅकमधून वगळली आहे का, तेही अटींत बघून घेतलं होतं. वगळलेली नव्हती.

व्हाउचरची शिल्लक टिक केली, कार्डाचा नंबर टाकला आणि थांबले. "तात्काळ बँक सवलत −१,५००" ही ओळ बिलात दिसते का ते बघायचं होतं. दिसत नसेल तर पुढं जायचं नाही. नंतर भांडून ती मिळत नाही. दिसली. खाली आणखी एक ओळ होती: बँक सवलत वापरण्याचं शुल्क ४९ रुपये. अटींच्या लांबलचक पानात ते कुठंतरी होतंच.

तर त्या दिवशीचं बिल असं: २६,९९० मधून कूपनचे १,००० गेले, २५,९९०. बँकेचे १,५०० गेले, २४,४९०. अधिक ४९, म्हणजे २४,५३९. त्यातले १०,५०० व्हाउचरमधून, १४,०३९ कार्डावर.

फ्रिज २२ तारखेला आला. दोघं जण वर आणून ठेवून गेले. स्टँड मात्र नव्हतं, ते आम्ही बाजारातून ४५० ला आणलं. दुकानवाला ते देत होता, त्यामुळं हे ४५० ऑनलाइनच्या किमतीत धरायलाच हवेत.

यायचे असलेले पैसे

यापुढचा भाग वाट बघण्याचा.

ऑर्डर दिली त्याच संध्याकाळी कॅशबॅक साइटची ईमेल आली: तुमची खरेदी नोंदली गेली, अपेक्षित कॅशबॅक २२० रुपये. माझ्या हिशोबानं ४४० यायला हवे होते. २५,९९० ला १.१८ ने भागलं की जीएसटीशिवायची रक्कम २२,०२५ येते, आणि तिचे २ टक्के ४४०.

तक्रार करायच्या आधी २२० कुठून आले ते शोधलं, कारण नुसतं "कमी आले" म्हटलं की उत्तरात अटींचं पान चिकटवून पाठवतात. व्हाउचरची रक्कम वगळली असती तर २६२ आले असते. बँकेची सवलत वजा करून मोजलं असतं तर ४१५. २२० हा आकडा २२,०२५ च्या बरोबर १ टक्क्याला जुळत होता. म्हणजे रक्कम बरोबर धरली होती, दर चुकला होता. फ्रिज "मोठी उपकरणे" ऐवजी "इतर" गटात गेला होता. २० तारखेला तक्रार टाकली: ऑर्डर क्रमांक, बिल, दराच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, आणि दोन ओळींत हा हिशोब. तीन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, आकडा ४४० झाला. तरीही तो "प्रलंबित"च होता. वस्तू परत करायची मुदत संपून शॉपिंग साइटनं त्यांना पैसे दिले की मगच तो पक्का होतो. ६ एप्रिलला पक्का झाला आणि ९ एप्रिलला बँकेत आला.

ऑफरच्या कार्डाचे पॉइंट फेब्रुवारीच्या स्टेटमेंटमध्ये आले. १०० ला २ पॉइंट, पूर्ण शंभरांवरच. १४,०३९ चे १४० शंभर, म्हणजे २८० पॉइंट. त्या कार्डावर पॉइंट २५ पैशांना जातो. ७० रुपये.

व्हाउचरचे पॉइंट मार्चमध्ये आले, १,०५०. आता एका पॉइंटची किंमत काय धरायची? त्याच बँकेत स्टेटमेंटमध्ये वळते केले तर २५ पैसे, किराण्याच्या व्हाउचरला लावले तर ४० पैसे, आणि विमानाच्या तिकिटाला लावले तर त्याहून बरेच जास्त. बरेच जण हिशोबात सगळ्यात मोठा आकडा धरतात. आमच्या घरात विमानप्रवास ठरलेला नाही, मग तो दर धरून काय उपयोग? किराणा मात्र दर महिन्याला लागतोच. म्हणून ४० पैसे धरले: ४२०. त्यातून रिडीम करायचे ९९ आणि जीएसटी मिळून ११७ वजा. उरले ३०३. ही फी पॉइंट कितीही असले तरी तेवढीच लागते, म्हणून खरं तर बरेच पॉइंट साठवून एकदम काढावेत. पॉइंट कधी बाद होतात ती तारीख तेवढी बघून ठेवायची.

आणि हे सगळं कार्डाचं बिल मुदतीत पूर्ण भरलं तरच. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर १४,०३९ वर एका महिन्याचं ४९१ होतं, वर जीएसटी ८८. दोन्ही कार्डांचे पॉइंट मिळून ३७३. एका महिन्यात सगळं धुऊन वर खिशातून गेले असते.

मग पडला केवढ्याला

भरलेले २४,५३९. त्यातून ७०, ३०३ आणि ४४० वजा, म्हणजे २३,७२६. त्यात स्टँडचे ४५०. फ्रिज आम्हाला २४,१७६ ला पडला. नवी पेठेतला शेवटचा भाव २५,३००. फरक १,१२४ रुपये.

हा आकडा बघून यजमान खूश झाले, पण मी शीटमध्ये त्याच्या शेजारी आणखी एक रकाना केला होता: ऑर्डरच्या दिवशी पक्के असलेले पैसे. त्यात फक्त कूपन आणि बँकेची तात्काळ सवलत येते. त्या रकान्यात फ्रिज स्टँडसह २४,९८९ ला पडतो आणि दुकानाशी फरक राहतो अवघा ३११ रुपयांचा. बाकीचे ८१३ रुपये नोंद नीट होणं, तक्रार मान्य होणं आणि पॉइंट मुदतीत वापरणं यांवर टांगलेले होते. आमचे आले. पण कॅशबॅकची नोंदच झाली नसती तर त्यातले ४४० गेलेच असते. म्हणून यायच्या पैशांना मी निर्णय घेताना पूर्ण धरत नाही. पक्क्या रकान्यातच ऑनलाइन स्वस्त पडत असेल तर घ्यावं, आणि बाकीचे आले तर आले म्हणावं.

फ्रिज परत करावा लागला असता तर काय, हेही आधी विचारून घेतलं होतं आणि ते सगळ्यांनी विचारावं. परत मिळतात ते भरलेले पैसे, सुटलेले नाहीत. कार्डावरचे पैसे कार्डावर येतात, व्हाउचरचे १०,५०० मात्र साइटच्या खात्यातच. पॉइंट परत काढून घेतात, कॅशबॅक रद्द होतो, आणि सेल संपलेला असेल तर दुसरा फ्रिज घेताना १,५०० ची सवलत नसते. म्हणून कपडे-चपलांसारख्या परत जाण्याची शक्यता असलेल्या वस्तूंना मी एवढे थर लावत नाही. तिथं कूपन आणि कार्ड बास.

आमच्या शेजारच्या वहिनींना एप्रिलमध्ये कूलर घ्यायचा होता, नऊ हजारांचा. हाच हिशोब करून द्या म्हणाल्या. मांडून बघितला. किमान रकमेच्या अटीत तो बसतच नव्हता, कॅशबॅक दीडशेच्या आसपास आणि तोही जुलैत आला असता. दुकानात त्यांना पाचशे कमी करून मिळत होता आणि पंप बिघडला तर दुकानवाला स्वतः माणूस पाठवतो. त्यांनी दुकानातूनच आणला.